खोडलेला रकाना आणि १७१८ चा तक्ता

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने मला फोटो पाठवला. ती एम.एस्सी. करतेय, पुढे पीएच.डी.ला यायचं म्हणते, आणि संध्याकाळी दहावीच्या मुलांना शिकवते. फोटो होता मुलांनी केलेल्या प्रयोगाच्या निरीक्षण तक्त्याचा. खाली तिचा प्रश्न: "ताई, शिशाच्या ओळीतला तिसरा रकाना बघा. मुलांना काय सांगू?"

तक्ता साधा होता. डावीकडे चार धातू: जस्त, लोखंड, शिसे, तांबे. वर चार द्रावणं: झिंक सल्फेट, फेरस सल्फेट, कॉपर सल्फेट आणि सिल्व्हर नायट्रेट. सोळा रकाने, प्रत्येकात दहा मिनिटांनंतर काय दिसलं ते लिहायचं. शिसे आणि कॉपर सल्फेटच्या रकान्यात आधी निळ्या शाईत काहीतरी लिहिलेलं होतं. ते गिरवून खोडलं होतं आणि वर काळ्या शाईत "तांबूस थर" असं आलं होतं. फोटो मोठा करून बघितला तेव्हा खालची अक्षरं लागली: "बदल नाही".

म्हणजे काय झालं असेल ते उघड आहे. मुलाने बघितलं एक. मग पुस्तकातली क्रियाशीलता श्रेणी बघितली, तिथे शिसे तांब्याच्या वर. मग "माझंच चुकलं" म्हणून रकाना दुरुस्त केला. मी त्याला हसणार नाही, कारण बी.एस्सी.ला असताना मीही अशा दुरुस्त्या केल्या आहेत, फक्त माझी शाई एकच होती म्हणून पकडल्या गेल्या नाहीत.

गंमत अशी की ज्या आठवड्यात हा फोटो आला, त्याच आठवड्यात माझ्यासमोर दुसऱ्या एका तक्त्याचा फोटो उघडा होता. तो तीनशे वर्षं जुना, आणि त्यातही शिसे आणि तांबे यांची जागा "चुकलेली". म्हणून हे दोन फोटो शेजारी ठेवून आज लिहितेय. विज्ञानाच्या इतिहासात काम करायचं असेल तर तक्ता वाचायला शिकावं लागतं, आणि हे उदाहरण त्यासाठी बरं आहे.

आधी मुलांचा तक्ता उरकून घेऊ. नियम तुम्हाला माहीत आहे: श्रेणीत वर असलेला धातू खाली असलेल्या धातूला त्याच्या क्षाराच्या द्रावणातून बाहेर काढतो. Fe + CuSO4 → FeSO4 + Cu. लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या पाण्यात टाकला की त्यावर तांबूस थर चढतो, निळा रंग फिका होत हिरवट होतो. उलट तांब्याची तार हिराकशीच्या पाण्यात दिवसभर ठेवली तरी लोखंड बाहेर पडत नाही. म्हणजे जस्ताच्या ओळीत तीन रकाने भरणार, लोखंडाच्या ओळीत दोन, शिशाच्या ओळीत दोन आणि तांब्याच्या ओळीत एकच. मुलांच्या तक्त्यात तांबे आणि सिल्व्हर नायट्रेटच्या रकान्यात "तारेवर करडे केस, पाणी निळसर" असं लिहिलं होतं. करडे केस! पुस्तकात "चंदेरी थर" असतं. ज्याने केस लिहिलंय त्याने खरंच बघितलंय.

आणखी एक रकाना मजेदार होता. जस्त आणि फेरस सल्फेट: "काळपट, बुडबुडे". काळपट समजतं, ते बाहेर पडलेलं लोखंड. बुडबुडे कुठून आले? फेरस सल्फेटचं द्रावण हवेत पिवळट पडू नये म्हणून त्यात थोडं सल्फ्युरिक ॲसिड घालून ठेवतात. जस्त त्या ॲसिडवर काम करतं आणि हायड्रोजन सुटतो. म्हणजे एका परीक्षानळीत दोन गोष्टी चालू होत्या, आणि बाटलीवरच्या नावात त्यातली एकच लिहिलेली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझ्या स्क्रीनवरचा फोटो. एतिएन फ्रांस्वा जोफ्रुआ हा पॅरिसचा औषधविक्रेत्यांच्या घराण्यातला रसायनज्ञ. १७१८ साली त्याने तिथल्या रॉयल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसपुढे एक निबंध वाचला आणि त्याबरोबर एकच पान भरेल असा तक्ता दिला. सोळा उभे रकाने. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एक पदार्थ, आणि त्याच्याखाली ज्यांच्याशी तो संयोग पावतो ते पदार्थ, उतरत्या क्रमाने. डोक्याच्या जितकं जवळ तितकं नातं घट्ट. जोफ्रुआने शब्दही नात्याचाच वापरला, फ्रेंचमध्ये "रपोर". "आकर्षण" हा शब्द त्याने टाळला. त्या काळच्या पॅरिसमध्ये तो शब्द न्यूटनच्या गोटातला मानला जाई आणि उगाच वाद ओढवला असता. न्यूटननेही हे असेच प्रयोग "ऑप्टिक्स"च्या शेवटच्या प्रश्नात मांडले होते: तांबं विरघळलेल्या द्रावणात लोखंड टाकलं तर तांबं सुटतं, चांदीच्या द्रावणात तांबं टाकलं तर चांदी सुटते, आणि पारा विरघळलेला असेल तर लोखंड, तांबं, कथील किंवा शिसं यांपैकी कोणीही त्याला सोडवतं. न्यूटनने शेवटच्या चौघांना एका दावणीला बांधलं, त्यांचा आपसातला क्रम तिथे लावला नाही. हेही लक्षात ठेवा.

जोफ्रुआचा तक्ता वाचायचा नियम आपल्या विस्थापनाचाच आहे. डोक्यावर नायट्रिक ॲसिड आहे, म्हणजे शोऱ्याचं तेजाब. खाली समजा तांबं आणि त्याच्या खाली चांदी. चांदी तेजाबात विरघळलेली असेल आणि तुम्ही तांबं टाकलंत, तर तेजाब वरच्याला धरतं आणि खालच्याला सोडतं. आज आपण म्हणू की इलेक्ट्रॉन तांब्याकडून चांदीच्या आयनाकडे गेले. जोफ्रुआसाठी इलेक्ट्रॉन नव्हते, आयन नव्हते, फक्त कोणी कोणाला सोडलं एवढंच होतं. पण भाकीत करायला तेवढं पुरतं.

अडचण एवढीच की तक्त्यात नावं नाहीत, खुणा आहेत. धातूंना ग्रहांच्या खुणा: सोनं म्हणजे सूर्य, चांदी म्हणजे चंद्र, लोखंड मंगळ, तांबं शुक्र, कथील गुरू, शिसं शनी आणि पारा बुध. पत्रिका बघणाऱ्या घरात वाढलेल्यांना सोपं जाईल असं वाटतं, पण तसं नाही, कारण खुणा युरोपातल्या आहेत. शुक्राची खूण म्हणजे गोल आणि खाली क्रूस. बुधाची खूण तीच, फक्त डोक्यावर दोन शिंगं. छापील पानाच्या जुन्या फोटोत ती शिंगं कधी दिसतात, कधी शाईत बुडतात. मी पहिल्यांदा दुसरा रकाना वहीत उतरवला तेव्हा तो असा झाला: कथील, अँटिमनी, तांबं, चांदी, तांबं आणि तळाशी सोनं. दोन दिवस मी "एकाच रकान्यात तांबं दोनदा का?" यावर विचार करत होते. टिपणात एक सिद्धांतही लिहून ठेवला होता, तो आता कोणाला दाखवणार नाही. मग दुसऱ्या प्रतीचा स्पष्ट फोटो मिळाला आणि खालच्या "तांब्या"ला शिंगं फुटली. तो पारा होता.

तर आता तिसरा रकाना, नायट्रिक ॲसिडचा. वरून खाली: लोखंड, तांबं, शिसं, पारा, चांदी.

आपल्या श्रेणीशी ताडून बघा. लोखंड वर, बरोबर. पारा आणि चांदी तळाशी, बरोबर. पण तांबं शिशाच्या वर! आजच्या प्रमाण विभवांत लोखंडाला −०.४४ व्होल्ट, शिशाला −०.१३ आणि तांब्याला +०.३४. म्हणजे शिसं आणि तांबं यांच्यात ०.४७ व्होल्टचं अंतर. कोणी म्हणेल, द्रावण कमीजास्त तीव्र असेल म्हणून क्रम उलटला. नाही. या दोन धातूंच्या बाबतीत आयनांच्या प्रमाणात दहापट फरक पडला तर विभव जेमतेम ०.०३ व्होल्टने सरकतो. ०.४७ व्होल्ट भरून काढायला एकावर सोळा शून्यं एवढ्या पटीचा फरक लागेल. पॅरिसच्या कुठल्याही बरणीत ते शक्य नव्हतं. म्हणजे निसर्ग वेगळा नव्हता. मग काय वेगळं होतं?

इथे दोन वाटा असतात. एक म्हणजे "जोफ्रुआ चुकला" म्हणून पुढे जायचं. अनेक पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावना तेच करतात. दुसरी वाट अशी की हा रकाना ज्या कामांतून आला असेल ती कामं शोधायची. मला दुसरी वाट आवडते, पण ती कुठे संपते तेही सांगेन.

नायट्रिक ॲसिडचा रकाना हा सोनारांच्या आणि टांकसाळींच्या धंद्याचा रकाना आहे. सोन्यात मिसळलेली चांदी काढायची तर धातू शोऱ्याच्या तेजाबात टाकतात. चांदी विरघळते, सोनं तळाशी राहतं. मग चांदी परत कशी मिळवायची? द्रावणात तांब्याचे पत्रे बुडवायचे. चांदी सुटून खाली बसते, पाणी निळं होतं. त्या निळ्या पाण्यातलं तांबं फुकट जाऊ द्यायचं नसेल तर त्यात लोखंड टाकायचं. तांबं सुटतं. लोखंड, तांबं, चांदी हा क्रम रोजच्या कामात सतत तपासला जात होता, आणि त्यावर पैसे लागलेले होते. पारा आणि चांदीचा क्रमही लोकांना माहीत होता, कारण चांदीच्या नायट्रेटमध्ये पारा टाकला की झाडासारख्या चंदेरी फांद्या वाढतात. "डायनाचं झाड" म्हणून हा प्रयोग पाहुण्यांना दाखवत असत.

पण शिसं आणि तांबं? तेजाबात तांबं विरघळलेलं आहे आणि ते परत हवंय, तर हाताशी स्वस्त लोखंड असताना शिसं कोण टाकेल? या जोडीला बाजारात काम नव्हतं. न्यूटनच्या यादीतही हे दोघे फक्त पाऱ्याच्या संदर्भात येतात, एकमेकांसमोर उभे राहत नाहीत. आता विचार करा. तुमच्याकडे पक्की माहिती अशी आहे की तांबं पाऱ्याच्या वर आणि शिसंही पाऱ्याच्या वर. दोघांची आपसातली लढत कोणी नीट लावलेली नाही. पण तक्ता उभा आहे, एका जागी एकच खूण बसते. तुम्हाला कोणाला तरी वर ठेवावंच लागतं. "माहीत नाही" यासाठी उभ्या रकान्यात जागाच नसते. तिसऱ्या रकान्यात असं झालं असावं हा माझा तर्क आहे. जोफ्रुआच्या वहीत ते लिहिलेलं मला दिसलेलं नाही, म्हणून तर्कच म्हणते.

तर्काला दुसरी बाजूही आहे. समजा त्याने, किंवा त्याने ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याने, ही जोडी करून बघितलीच असेल तर काय दिसलं असतं? हे मात्र करून बघता येतं. एका संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याबरोबर मी शिशाच्या तीन पट्ट्या घेतल्या. शिशावर नेहमी करडी साय असते, ती ब्लेडने खरवडून आतला चकचकीत धातू बाहेर काढला. पहिल्या चंचुपात्रात कॉपर नायट्रेटचं द्रावण, दुसऱ्यात तेवढंच तीव्र कॉपर सल्फेट, तिसऱ्यात कॉपर नायट्रेट पण भरपूर नायट्रिक ॲसिड घातलेलं. तिसरं भांडं धुराड्याच्या कपाटात ठेवलं.

पहिल्या भांड्यात पट्टी काही मिनिटांत काळपट झाली. हे काळं म्हणजे अगदी बारीक कणांचं तांबंच. बारीक कणांत धातू आपला नेहमीचा रंग दाखवत नाही. सकाळपर्यंत त्याचा विटकरी, भुसभुशीत थर झाला होता, हलवलं की खपल्या पडत होत्या, आणि पाण्याचा निळा रंग उतरला होता. श्रेणीने सांगितलं तसंच.

दुसऱ्या भांड्यात पट्टी आधी जराशी काळवंडली आणि मग काही नाही. सकाळी तिच्यावर पांढुरकी करडी कळा होती. पाणी जवळपास तेवढंच निळं. तिसऱ्यात तर तांब्याचा थर टिकलाच नाही. ॲसिड दोन्ही धातूंना खात होतं, तपकिरी धूर निघत होता आणि पट्टीवर पांढरट पूड. तिन्ही भांड्यांतलं शिशाचं पाणी बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत भरून ठेवलं. करून बघणार असाल तर तेवढं नक्की करा, आणि पट्टी खरवडताना हातमोजे घाला.

दुसऱ्या भांड्यात काय झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण मुलाचा रकाना हाच. शिसं इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात येतं, पण द्रावणात सल्फेट आहे, आणि लेड सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. एका लिटरात साधारण ४० मिलिग्रॅम. त्यामुळे ते जिथे तयार होतं तिथेच, पट्टीच्या अंगावर, बसतं. थोड्याच वेळात पट्टीने पांढरी घोंगडी पांघरलेली असते आणि तांब्याच्या आयनांना आत जायला वाट उरत नाही. आता यातली मेख बघा. सल्फेट असल्यामुळे शिशाचा इलेक्ट्रॉन देण्याचा कल कमी होत नाही, उलट वाढतो. लेड सल्फेट बनवत शिसं जेव्हा इलेक्ट्रॉन देतं तेव्हा त्याचा विभव −०.३६ व्होल्टच्या आसपास येतो, म्हणजे तो नुसत्या शिशाच्या −०.१३ पेक्षाही खाली आहे. कागदावर ही अभिक्रिया नायट्रेटमधल्यापेक्षा जोरात व्हायला हवी. प्रत्यक्षात ती थांबते. श्रेणी सांगते की कल कुठे आहे. किती वेगाने होईल आणि मध्येच अडेल का, हे ती सांगत नाही. ॲल्युमिनिअमची पट्टी मोरचुदात टाकून कितीतरी वेळ काहीच होत नाही, ते याच जातीचं आहे. तिथे घोंगडी ऑक्साइडची असते.

आता त्या मुलाने तर पट्टी खरवडलीही नसेल. बाजारातून आणलेली शिशाची पट्टी, तिच्यावर आधीची करडी साय, त्यात सल्फेट, आणि वेळ फक्त दहा मिनिटं. "बदल नाही" हे त्याने जे बघितलं त्याचं अगदी बरोबर वर्णन आहे. "तांबूस थर" हे निरीक्षण नाही, ते भाकीत आहे, निरीक्षणाच्या रकान्यात बसवलेलं.

जोफ्रुआकडे परत जाऊ, कारण त्याच्या तक्त्यात याहून सुंदर एक जागा आहे आणि ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. शिंगं फुटलेला तो दुसरा रकाना आठवा. डोक्यावर मिठाचं तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. खाली कथील, अँटिमनी, तांबं, चांदी, पारा. आणि तिसऱ्या रकान्यात शेवटी पारा, चांदी. नायट्रिक ॲसिडखाली पारा चांदीच्या वर आहे, मिठाच्या तेजाबाखाली चांदी पाऱ्याच्या वर. क्रम उलटला.

श्रेणी पाठ करून आलेल्या माणसाला ही चूक वाटते. धातूंचा क्रम एकच असतो ना? तर नाही. आजची मोजमापं घ्या. नुसत्या आयनांच्या द्रावणात चांदीचा विभव ०.८० व्होल्ट आणि पाऱ्याचा, त्याच्या मर्क्युरस रूपातून, तोही ०.८० च्या किंचित खाली. दोघे जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे आहेत. मग पारा चांदीला बाहेर का काढतो, झाड का वाढतं? कारण सुटलेली चांदी मोकळी राहत नाही, पाऱ्यात मिसळून तिचा पारदमेळ होतो, आणि त्या मिसळण्यातून जो फायदा होतो तो पारडं पाऱ्याच्या बाजूने झुकवायला पुरतो. म्हणजे तिसऱ्या रकान्यातला क्रम खरा आहे, पण तो नुसत्या दोन धातूंचा क्रम नाही, त्यात मेळाचं वजन आहे.

आता मिठाचं तेजाब. क्लोराइड असलं की चांदीचा पांढरा, न विरघळणारा साका बसतो. क्लोराइडच्या संगतीत चांदीचा विभव ०.८० वरून थेट ०.२२ व्होल्टवर येतो. पाराही कॅलोमेल बनवून खाली येतो, पण ०.२७ पर्यंतच. चांदी पाऱ्याच्या पुढे गेली. जोफ्रुआच्या काळी ही माहिती बहुधा द्रावणातून आली नव्हती. पाऱ्याचं क्लोराइड, म्हणजे रसकापूर बनवणाऱ्यांना ज्या दाहक पांढऱ्या क्षाराची ओळख असते तो, धातूंबरोबर तापवायचा आणि पारा सुटतो का बघायचं, हा औषधविक्रेत्यांच्या भट्टीतला नेहमीचा प्रकार होता. अँटिमनी त्या रकान्यात का आहे याचं उत्तरही तिथेच मिळतं. पण कोरड्या वाटेनेही हिशोब तोच लागतो. तो क्षार तयार होताना सुटणारी मुक्त ऊर्जा मोलमागे सुमारे १७९ किलोज्यूल, आणि त्याच्या दोन क्लोरिनसाठी लागणाऱ्या दोन मोल सिल्व्हर क्लोराइडची मिळून सुमारे २२०. चांदी जिंकते.

म्हणून जोफ्रुआने प्रत्येक ॲसिडासाठी वेगळा रकाना केला यात मला त्याचा शहाणपणा दिसतो. धातूंची एकच शिडी करण्याचा मोह त्याने टाळला. कथील दुसऱ्या रकान्यात सगळ्यांत वर आहे आणि तिसऱ्यात नाहीच, तेही असंच. नायट्रिक ॲसिडात कथील विरघळून राहत नाही, पांढरी पूड होऊन तळाशी बसतं. ज्याची लढत लावता येत नाही त्याला त्याने यादीत घेतलं नाही. मग शिसं आणि तांबं यांच्या बाबतीत त्याने हीच सावधगिरी का बाळगली नाही, हा प्रश्न मला अजून छळतो.

तक्ता आल्यावर लोकांनी त्याच्या विरोधात उदाहरणं काढलीच. जोफ्रुआने १७२० साली आक्षेपांना उत्तर देणारा दुसरा निबंध लिहिला. पुढे १७७५ साली स्वीडनच्या उप्सालामध्ये टॉर्बर्न बर्गमानने हेच काम प्रचंड मोठं करून केलं. त्याने पाण्यातल्या अभिक्रिया आणि भट्टीतल्या अभिक्रिया यांचे तक्तेच वेगळे केले आणि पाण्याच्या बाजूला शिसं तांब्याच्या वर नेलं. एकेका जोडीची लढत स्वतः लावायची, हे त्याचं काम. १८६५ मध्ये खारकीवला निकोलाय बेकेटोव्हने विस्थापनाची जी श्रेणी मांडली तिच्यात हायड्रोजनही आला, आणि त्याने दाखवलं की दाब वाढवला तर हायड्रोजनही चांदीला द्रावणातून बाहेर काढतो. आपल्या पुस्तकातली एका ओळीची शिडी या लोकांच्या हातून घासून घासून आली आहे. घासताना "कुठल्या ॲसिडात, किती वेळ, कोरडं की ओलं" हे सगळं गळून पडलं.

तर त्या विद्यार्थिनीला मी काय कळवलं? मी लिहिलं की मुलाला ओरडू नकोस आणि काळ्या शाईखालचं वाक्य परत वर आण. शेजारी आणखी एक उभी ओळ आखायला सांग, "पुस्तकाप्रमाणे काय व्हायला हवं" अशी, म्हणजे भाकिताला स्वतःची जागा मिळेल आणि ते निरीक्षणाच्या अंगावर बसणार नाही. मग शिशाच्या दोन पट्ट्या खरवडून एक कॉपर सल्फेटमध्ये आणि एक कॉपर नायट्रेटमध्ये ठेवा, आणि दहा मिनिटांऐवजी रात्रभर.

चार दिवसांनी दुसरा फोटो आला. नवीन तक्ता, दोनच रकाने. नायट्रेटखाली लिहिलं होतं, "आधी काळं, सकाळी विटेसारखं, हात लावला की गळतं". सल्फेटखाली, "पांढुरकं. तांबं आहे का नाही सांगता येत नाही." आणि त्या पोराने स्वतःच पुढे एक वाक्य जोडलं होतं: पट्टी पुन्हा खरवडली तेव्हा खरवडलेल्या जागी परत काळं आलं आणि थोड्या वेळाने परत थांबलं. हे करायला त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. घोंगडीचा पुरावा मी माझ्या तीन भांड्यांत शोधला नव्हता, तो त्याने ब्लेडने काढला. या शनिवारी मी माझी दुसरी पट्टी पुन्हा खरवडणार आहे.